जन्मतारीख १ असेल तर साठीची निवृत्ती कोणत्या दिवशी?

तहसील कार्यालयातल्या आस्थापना टेबलावर दर वर्षी हा प्रश्न येतो. शिपाई विचारतो, "बाबूसाहेब, मले तं एक जुलैले साठ पुरे होतेत, मंग जुलैचा पगार भेटते नं?" उत्तर आहे, नाही भाऊ. एक जुलैचा जन्म असेल तर निवृत्ती ३० जूनला होते. जुलैचा पगार मिळत नाही, जुलैपासून निवृत्तिवेतन सुरू होतं. दोन जुलैचा जन्म असता तर मात्र ३१ जुलैपर्यंत नोकरी राहिली असती. एका दिवसाच्या फरकाने पुरा महिना इकडचा तिकडे होतो, म्हणून हा हिशेब नीट समजून घेतलेला बरा.

आपल्या भागात तर हा हिशेब जास्तच लागतो. साठीच्या आसपासच्या लोकांचे दाखले चाळले तर १ जुलै आणि १ जून या तारखा ढिगाने सापडतात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. लेकराला शाळेत घालायला बाप आला की गुरुजी विचारायचे, पोरगं किती वर्षांचं? बाप म्हणायचा, पाच-सहा असंल. गुरुजी सहा वर्षं मागे मोजून १ जुलै टाकून मोकळे व्हायचे. त्यात सरकारी नियमाचीही भर आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मधला नियम ३८ सांगतो की, नोकरीत लागताना फक्त जन्मसाल माहीत असेल तर त्या सालातली १ जुलै धरायची, आणि साल व महिना माहीत असून दिवस माहीत नसेल तर त्या महिन्याची १६ तारीख धरायची. म्हणजे जन्मतारीख माहीत नसलेला माणूस कुठल्याही वाटेने आला तरी बहुतेक वेळा एक जुलैवरच येऊन थांबतो. १६ तारीखवाल्यांना पुढची कटकट नाही.

आधी कोणाचे साठ आणि कोणाचे अठ्ठावन्न

राज्य शासनाच्या नोकरीत साठ वर्षं ही मर्यादा गट ड साठी, म्हणजे शिपाई, चौकीदार, सफाई कामगार अशा पदांसाठी आहे. लिपिक, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्यासाठी अठ्ठावन्न. केंद्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना, जसे पोस्टातले नियमित कर्मचारी आणि रेल्वेवाले, साठ. ग्रामीण डाकसेवकांचा हिशेब वेगळा, ते पासष्टाव्या वर्षापर्यंत असतात.

इथे साठवाल्यांबद्दल लिहितो आहे. पण एक तारखेचा नियम अठ्ठावन्नवाल्यांनाही तसाच लागू होतो, फक्त साठऐवजी अठ्ठावन्न मिळवायचे. खासगी कारखाना, सूतगिरणी, सहकारी संस्था यांच्याकडे मात्र त्यांच्या सेवानियमांत जे लिहिलं असेल ते चालतं. काही ठिकाणी महिनाअखेरची सवलतच नसते, वय भरलं त्या दिवशी काम संपतं. तिथल्या माणसाने हा लेख वाचून तारीख काढू नये, आपल्या संस्थेचा नियम मागून वाचावा.

नियम काय म्हणतो

राज्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १० आणि केंद्रासाठी मूलभूत नियम ५६, दोन्हींचा आशय सारखाच आहे. कर्मचारी ज्या महिन्यात ठरलेलं वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यान्हानंतर निवृत्त होतो. आणि लगेच पुढे एक परंतुक आहे: ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली आहे, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यान्हानंतर निवृत्त होतो.

लोकांना वाटतं की हा दुसरा भाग एक तारीखवाल्यांना शिक्षा म्हणून घातला आहे. तसं नाही. वय मोजण्याच्या रीतीतून तो आपसूक निघतो.

जन्माचा दिवस हा आयुष्याचा पहिला दिवस. तो पूर्ण दिवस म्हणून मोजला जातो, मग जन्म पहाटेचा असो की रात्री अकराचा. १ जुलै १९६६ हा पहिला दिवस धरला तर पहिलं वर्ष ३० जून १९६७ ला रात्री संपतं. १ जुलै १९६७ हा दुसऱ्या वर्षाचा पहिला दिवस झाला. जमिनीचा ठेका १ एप्रिलला घेतला तर वर्ष ३१ मार्चला पुरं होतं, १ एप्रिलला नाही, तसंच हे. याच रीतीने साठावं वर्ष ३० जून २०२६ ला संपतं. वाढदिवस म्हणून आपण ज्या दिवशी पेढे वाटतो त्या दिवशी माणूस एकसष्टाव्या वर्षात शिरलेला असतो.

आता नियमाचा पहिला भाग लावून पाहा. वय पूर्ण झालं जूनमध्ये, तर निवृत्ती जूनच्या शेवटच्या दिवशी. परंतुक नसतं तरी हेच उत्तर आलं असतं. मग परंतुक कशाला? कारण 'साठ वर्षं पुरी केव्हा झाली' यावर वाद घालता येतो. ३० जूनची रात्र संपते तोच क्षण १ जुलैचा आरंभ असतो. सज्ञान होण्याच्या कायद्यात तर अठरावं वर्ष वाढदिवसाच्या आरंभी पूर्ण होतं अशी भाषा आहे. ती भाषा पकडून कोणी म्हणू शकला असता की माझे साठ जुलैत भरले, मला ३१ जुलैपर्यंत ठेवा. परंतुकाने तो दरवाजा बंद केला.

न्यायालयानेही वय मोजायची हीच रीत धरली आहे. प्रभुदयाल सेसमा विरुद्ध राजस्थान राज्य या १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे भरतीच्या वयाचा प्रश्न होता. उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा, आणि अट अशी की १ जानेवारी १९८४ रोजी अठ्ठावीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. उमेदवाराचं म्हणणं, माझे अठ्ठावीस दोन तारखेला होतात. न्यायालयाने सांगितलं की जन्माचा दिवस पूर्ण धरला की अठ्ठावीस वर्षं १ जानेवारीलाच पूर्ण झाली. एका दिवसाने त्याची संधी गेली.

तारीख काढायची रीत

रीत तीन पायऱ्यांची आहे आणि ती सगळ्या जन्मतारखांना चालते, एक तारखेसाठी वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. जन्मतारखेतून एक दिवस वजा करा. जी तारीख आली तिच्या सालात साठ मिळवा. आलेल्या महिन्याचा शेवटचा दिवस ही निवृत्तीची तारीख.

सेवापुस्तकात जन्मतारीख १ जुलै १९६६ आहे असं धरू. एक दिवस वजा केला, ३० जून १९६६. साठ मिळवले, ३० जून २०२६. जूनचा शेवटचा दिवस ३० जूनच. आदेशात लिहिलं जाईल, 'दिनांक ३०.०६.२०२६ रोजी म.नं. नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त'. म.नं. म्हणजे मध्यान्हानंतर. त्यामुळे ३० जून हा नोकरीचाच दिवस आहे, त्या दिवसाचा पगार मिळतो, आणि निवृत्तिवेतन १ जुलै २०२६ पासून लागतं. मध्ये एकही दिवस रिकामा जात नाही.

त्याच टेबलावर दुसरा शिपाई आहे, जन्म २ जुलै १९६६. एक दिवस वजा करून १ जुलै १९६६, साठ मिळवून १ जुलै २०२६, महिनाअखेर ३१ जुलै २०२६. तिसरा ३० जून १९६६ चा. वजा करून २९ जून, मग २९ जून २०२६, महिनाअखेर ३० जून २०२६. म्हणजे तिसरा आणि पहिला एकाच दिवशी निवृत्त होतात.

यातून एक सोपी खूण मिळते. ३० जूनला निवृत्त होणारे कोण? ज्यांचा जन्म २ जून ते १ जुलै या दरम्यानचा आहे ते सगळे. निवृत्तीच्या दृष्टीने महिना दोन तारखेला सुरू होतो आणि पुढच्या एक तारखेला संपतो. हे डोक्यात बसलं की कागद-पेन्सिलही लागत नाही.

एक तारीखवाल्याचं नुकसान झालं असं म्हणायची पद्धत आहे. खरं पाहिलं तर त्याने आपली साठ वर्षं शेवटच्या दिवसापर्यंत भरून घेतली. महिनाअखेरची सवलत बाकीच्यांना मिळाली, ती त्याच्या वाट्याला शून्य दिवसांची आली, इतकंच. २ जुलैवाल्याला तीस दिवस फुकटचे मिळाले. पगाराच्या रकमेत पाहिलं तर मात्र दुखतं, हे मान्य.

१ जानेवारी, १ मार्च आणि १ जून

१ जानेवारीची तारीख सर्वांत जास्त घोळ घालते, कारण तिथे महिन्याबरोबर सालही बदलतं. १ जानेवारी १९६७ चा जन्म असेल तर निवृत्ती ३१ डिसेंबर २०२६ ला. कार्यालयात वर्षवार यादी करताना बाबू १९६७ मध्ये साठ मिळवतो, २०२७ लिहितो आणि नाव पुढच्या वर्षाच्या यादीत टाकतो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोणाच्या तरी लक्षात येतं की हा माणूस तर याच डिसेंबरात चालला, आणि सेवापुस्तक पडताळणीला गेलेलंच नाही. विदर्भातल्या राज्य कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन प्रकरणं नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात जातात. तिथून त्रुटी निघून कागद परत आला तर पहिले काही महिने हातात काहीच पडत नाही. जिल्हा परिषदेच्या माणसाचं प्रकरण जिल्हा परिषदेतच मंजूर होतं, पण उशिराचा त्रास तोच. म्हणून यादी करताना १ जानेवारीवाल्यांची नावं वेगळी काढून आधीच्या वर्षात घालावीत.

या तारखेचा दुसरा परिणाम वेतन आयोगाच्या वेळी दिसतो. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. १ जानेवारी १९५६ ला जन्मलेला केंद्राचा कर्मचारी ३१ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाला, म्हणजे आयोग लागण्याच्या आदल्या दिवशी. त्याचं नाव जुन्या निवृत्तिवेतनधारकांत गेलं.

१ मार्चवाल्यांना लीप वर्षाची धास्ती असते, पण साठच्या हिशेबात ती फार नाही. साठला चारने भाग जातो, त्यामुळे जन्मसाल लीप असेल तर निवृत्तीचं सालही लीप असतं. १ मार्च १९६८ चा जन्म असेल तर २९ फेब्रुवारी २०२८, आणि १ मार्च १९६७ चा असेल तर २८ फेब्रुवारी २०२७. अठ्ठावन्नला चारने भाग जात नाही, म्हणून तिथे कॅलेंडर पाहावंच लागतं. १ मार्च १९७० चा लिपिक २९ फेब्रुवारी २०२८ ला निवृत्त होतो, १९७० साल लीप नसलं तरी. सवयीने २८ लिहिलं तर आदेश एका दिवसाने चुकतो, आणि त्या एका दिवसाचा पगार कोणी द्यायचा यावर पुढे पत्रव्यवहार चालतो.

१ जून १९६६ वाल्याची तारीख ३१ मे २०२६ येते आणि त्या दिवशी रविवार आहे. सुट्टी आली म्हणून निवृत्ती पुढे सरकत नाही, आणि मागेही येत नाही. आदेशात ३१ मे हीच तारीख राहते. फक्त चाव्या, साठ्याची नोंदवही, रोख असं काही ताब्यात असेल तर ते आधीच्या कामाच्या दिवशी सोपवून घ्यावं. राज्य कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा असल्यामुळे तो दिवस शुक्रवार, २९ मे ठरतो. कार्यभार शुक्रवारी दिला म्हणून निवृत्ती शुक्रवारची होत नाही. शनिवार-रविवारचा पगार कापलेला दिसला तर लगेच हरकत घ्यावी.

कोणती जन्मतारीख धरायची

हिशेब बरोबर असूनही तारीख चुकते ती इथे. निवृत्तीसाठी एकच जन्मतारीख चालते, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरची. ती तिथे अंकांत आणि अक्षरांत लिहिलेली असते आणि खाली कार्यालय प्रमुखाची सही असते. अंकांत ०१.०७.१९६६ आणि अक्षरांत दुसरंच काही असं आढळलं तर निवृत्तीच्या आधी निदान दोन-तीन वर्षं ते उकरून काढावं, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा जोडून कार्यालयाला पत्र द्यावं. एक आणि सात हे आकडे जुन्या शाईत सारखे दिसतात, १ तारखेची ७ झालेली किंवा ७ ची १ झालेली पुस्तकं निघतात. ७ जुलै असेल तर निवृत्ती ३१ जुलैची, १ जुलै असेल तर ३० जूनची. म्हणून अक्षरांतली नोंद वाचल्याशिवाय हिशेबाला बसू नये.

आधार कार्डावर वेगळी तारीख असली तरी त्याने निवृत्ती बदलत नाही. आधारवर तर कित्येकांचं नुसतं सालच असतं. पण बँक खातं आणि निवृत्तिवेतनाचे कागद जुळताना ती अडते, म्हणून आधारच सेवापुस्तकाप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं.

गावात अजून एक कागद असतो, कोतवाल बुकाची नक्कल. गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात सापडतात. निवृत्ती जवळ आली की कोणीतरी सांगतो, कोतवाल बुकात तुझा जन्म १४ ऑक्टोबरचा आहे, तारीख बदलून घे, चार महिने वाढतील. नोंद खरी असेलही. पण त्याच नियम ३८ खालच्या सूचनांप्रमाणे, १६ ऑगस्ट १९८१ किंवा त्यानंतर नोकरीत लागलेल्यांचा जन्मतारीख बदलण्याचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच घेतला जातो. त्यानंतर कारकुनी चूक उघड दिसत असेल तरच गोष्ट वेगळी. गुरुजींनी अंदाजाने १ जुलै टाकली, ही कारकुनी चूक धरली जात नाही. आयुष्यभर तीच तारीख लावून नोकरी केली, तर शेवटच्या वर्षी ती नाकारता येत नाही, आणि न्यायालयंही अशा उशिराच्या अर्जांना सहसा उभं करत नाहीत. यासाठी वकिलाला पैसे मोजण्याआधी हे पाच वर्षांचं कलम त्यालाच विचारावं.

संगणकावर यादी करताना

कार्यालयात आता बहुतेक याद्या एक्सेलमध्ये होतात. A2 या चौकटीत जन्मतारीख असेल तर वर सांगितलेली तीन पायऱ्यांची रीत एका सूत्रात बसते:

```
=EOMONTH(A2-1,720)
```

७२० म्हणजे साठ वर्षांचे महिने. अठ्ठावन्नसाठी तिथे ६९६ लिहायचं. `A2-1` मधला एक वजा करणं हाच सगळा प्राण आहे. तो विसरून `=EOMONTH(A2,720)` लिहिलं तर बाकी सगळ्यांच्या तारखा बरोबर येतात आणि फक्त एक तारीखवाल्यांना एक महिना जास्त मिळतो. चूक थोड्याच ओळींत असल्यामुळे ती नजरेतून सुटते. म्हणून यादी झाल्यावर एक तारखेची नावं गाळून घेऊन तेवढी हाताने तपासावीत.

सूत्र बरोबर असूनही उत्तर विचित्र येण्याची तीन कारणं आहेत. तारखेऐवजी 46203 असा आकडा दिसला तर घाबरू नये. एक्सेल आतून दिवस मोजून ठेवतो, चौकटीचं स्वरूप 'तारीख' केलं की तोच ३०.०६.२०२६ दिसतो. `#VALUE!` आलं तर जन्मतारीख तारीख म्हणून नव्हे, नुसता मजकूर म्हणून भरली गेली आहे. टिंबं देऊन 01.07.1966 टाइप केलं की बरेचदा असं होतं. तिसरं कारण सर्वांत वाईट, कारण ते बोलत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर 01/07/1966 हे तो ७ जानेवारी १९६६ असं वाचतो आणि निवृत्ती ३१ जानेवारी २०२६ दाखवतो. पाच महिन्यांची चूक, आणि चौकटीत सगळं नीटनेटकं दिसतं. १ जानेवारी सोडली तर एक तारखेच्या प्रत्येक जन्मनोंदीत हा धोका आहे, कारण दिवस आणि महिना दोन्ही बारापेक्षा मोठे नसतात. २५/०७ असं असेल तर संगणकाला पंचविसावा महिना सापडत नाही आणि चूक उघडी पडते. उपाय सोपा आहे, महिना अक्षरांत दिसेल असं स्वरूप चौकटीला देऊन एकदा नजर फिरवावी.

महिना चुकला तर काय होतं

समजा कोणाच्या लक्षात आलं नाही आणि १ जुलैवाला शिपाई ३१ जुलैपर्यंत कामावर येत राहिला. हजेरीपटावर सह्या झाल्या, पगार बिलात नाव राहिलं, जुलैचा पगारही जमा झाला. काम खरोखर केलं असलं तरी ३० जूननंतरचे दिवस सेवा म्हणून मोजले जात नाहीत. लेखापरीक्षणात ती रक्कम जादा प्रदान ठरते आणि पहिली नजर जाते ती उपदानावर, म्हणजे ग्रॅच्युइटीवर, कारण तो पैसा अजून शासनाच्याच हातात असतो. रजेचा हिशेबही बिघडतो. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला खात्यात जमा होते, आणि निवृत्तीच्या सहामाहीत पूर्ण झालेल्या दर महिन्याला अडीच दिवस धरले जातात. जुलै चुकून मोजला तर रोखीकरणाच्या हिशेबात न मिळालेली रजा घुसते आणि पुन्हा वसुलीचा कागद निघतो. वसुली टाळायची तर कर्मचाऱ्याने स्वतःच सहा-आठ महिने आधी सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीत आपली निवृत्तीची तारीख काय दिसते ते बाबूला विचारून पाहावं. जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर शालार्थमध्ये.

एका बाबतीत मात्र १ जुलैवाल्याने आपला हक्क सोडू नये. वार्षिक वेतनवाढ १ जुलैला असणारा माणूस ३० जूनला निवृत्त होतो तेव्हा वर्ष पूर्ण राबलेला असतो, पण वेतनवाढीच्या दिवशी तो नोकरीत नसतो. अनेक वर्षं या कारणाने ती वाढ नाकारली जात होती. ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं की वेतनवाढ ही झालेल्या वर्षाच्या चांगल्या सेवेबद्दल असते, दुसऱ्या दिवशी माणूस निवृत्त झाला म्हणून ती जात नाही. ती काल्पनिक वाढ म्हणून निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरायची असते, त्या दिवसाचा वाढीव पगार मिळत नाही.

रकमेत पाहू. शेवटचं मूळ वेतन ३५,४०० रुपये आहे आणि पुढची पायरी ३६,५०० ची आहे असं धरा. निवृत्तिवेतन निम्मं धरलं तर १७,७०० ऐवजी १८,२५० होतं. महिन्याला साडेपाचशे रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, हयातभर. हा लाभ ३१ डिसेंबरला निवृत्त होणाऱ्या आणि १ जानेवारीची वेतनवाढ असणाऱ्यालाही त्याच कारणाने लागतो. अट एवढीच की मागच्या वेतनवाढीनंतर पूर्ण वर्षाची सेवा झालेली हवी. म्हणून आधी सेवापुस्तकात शेवटच्या वेतनवाढीची तारीख पाहावी. ती १ जुलै २०२५ असेल आणि निवृत्ती ३० जून २०२६ ची असेल, तर निवृत्तिवेतनाच्या कागदांसोबतच एका पानाचा अर्ज द्यावा. त्यात दोन्ही तारखा, शेवटचं मूळ वेतन आणि पुढच्या पायरीचं वेतन लिहावं, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच आपल्याकडे ठेवावी. प्रकरण महालेखाकारांकडे गेल्यावर हा अर्ज दिला तर सुधारित प्रकरण करावं लागतं, आणि त्याला किती वेळ लागेल ते टेबलावरचा बाबूही सांगू शकत नाही.